अर्धा इंच गेला कुठे?

घरात, अंगणात किंवा शाळेच्या मागे कुठेतरी लोखंडी पाइपचा एखादा तुकडा पडलेला असतो. नळाला असतो ना, तसला बारीक, राखाडी. मोठ्या माणसांना विचारा, ‘हा किती इंची?’ ते न बघताच सांगतील, ‘अर्धा इंची.’ आता कंपासपेटीतली पट्टी काढा आणि त्यात अर्धा इंच शोधून दाखवा.

अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. पट्टी पाइपच्या तोंडावर आडवी धरा. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत भरेल २१ मिमीच्या थोडं वर. बरं, आतलं भोक मोजू. ते भरेल १६ मिमीच्या आसपास. आणि लोखंडाची जाडी? जेमतेम अडीच मिमी. झालं, मोजण्यासारखं होतं ते सगळं मोजून झालं. १२.७ कुठेच नाही!

दुकानदाराने फसवलं का? अजिबात नाही. पाइप अगदी बरोबर आहे. ‘अर्धा इंची’ हे त्याचं नाव आहे, माप नव्हे. आता असं नाव पडलं कसं, ते बघू.

लोखंडी पाइप पहिल्यांदा भरपूर बनू लागले ते इंग्लंडमध्ये, एकोणिसाव्या शतकात. १८२५ साली कॉर्नेलियस व्हाइटहाऊस नावाच्या माणसाने लोखंडाची तापलेली पट्टी ओढून, तिच्या कडा जुळवून नळी करायची पद्धत शोधली, आणि रस्त्यावरचे गॅसचे दिवे पेटवण्यासाठी मैलोन्‌मैल नळ्या तयार होऊ लागल्या. तेव्हाच्या लोखंडाचा भरवसा कमी, म्हणून नळीची भिंत चांगली जाड ठेवायचे. आत भोक साधारण अर्ध्या इंचाचं, म्हणून नाव अर्धा इंची. पुढे लोखंड सुधारलं, पातळ भिंतही पुरायला लागली. मग पाइप बनवणाऱ्यांपुढे प्रश्न आला: भिंत पातळ करायची, पण कुठून? बाहेरून तासली तर बाहेरचं माप बदलणार. आणि पाइपला जोडायचे एल्बो, टी, सॉकेट, नळ हे सगळे बाहेरूनच बसतात. गावभर बसलेले जुने जोड वाया गेले असते. म्हणून बाहेरचं माप तसंच ठेवून भिंत आतून पातळ केली. भोक मोठं झालं, नाव मात्र जुनंच राहिलं.

याचा पुरावा आजही दुकानात उभा असतो. आपल्याकडच्या जीआय पाइपवर रंगाचा पट्टा असतो: हलक्या पाइपला पिवळा, मध्यम जाडीच्या पाइपला निळा आणि जाड पाइपला लाल. तिन्ही ‘अर्धा इंची’ घ्या आणि तोंडाकडून बघा. पिवळ्याचं भोक सतराच्या थोडं पुढे, निळ्याचं सोळाच्या आसपास, लाल पट्टेवाल्याचं पंधराला टेकलेलं. बाहेरून मात्र तिघं सारखेच. म्हणून एकच एल्बो तिघांनाही चालतो.

इथवर सगळं लोखंडापुरतं होतं. आता प्लॅस्टिक आलं आणि खरी गंमत सुरू झाली.

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नुसतं ‘अर्धा इंची पाइप द्या’ म्हणालात, तर काउंटरवर तीन वेगवेगळे पाइप येऊ शकतात. पहिला आपला जीआय, बाहेरून २१.३ मिमी. बिल्डिंगमध्ये गार पाण्यासाठी वापरतात त्या पांढऱ्या यूपीव्हीसी पाइपनेही हेच माप उचललं आहे. दुसरा सीपीव्हीसी, बाथरूमच्या भिंतीतून गरम पाणी नेणारा, फिकट पिवळसर. तो बाहेरून फक्त १५.९ मिमी. त्याने तांब्याच्या नळ्यांचं माप घेतलं आहे, आणि त्या घराण्याचा नियम असा, की नावापेक्षा पाव इंचाचा निम्मा भाग, म्हणजे एक अष्टमांश इंच, बाहेरून जास्त. तिसरा शेतीचा पीव्हीसी पाइप. तो पक्का मिलिमीटरवाला. बाहेरून बरोबर २० मिमी, अंगावरही ‘२०’ असंच छापलेलं. पण गावात त्यालाही अर्धा इंचीच म्हणतात, कारण लोकांच्या तोंडात इंच बसलेत.

तिघांची नावं एक, मापं तीन. एकाचा एल्बो दुसऱ्याला बसणार नाही, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल. एक मजा सांगून पुढे जातो. या तिघांत ज्याचं भोक खरोखरच अर्ध्या इंचाच्या जवळ जातं, तो कोण? सगळ्यात सडपातळ दिसणारा सीपीव्हीसी. त्याचं भोक साधारण साडेबारा मिमी असतं. म्हणजे हरवलेला अर्धा इंच शेवटी बाथरूमच्या भिंतीत सापडला!

तुम्ही म्हणाल, इंचाने घोळ केला, मिलिमीटरमध्ये बोललं की संपलं. मलाही ते पटलं असतं, पण मिलिमीटरनेही इथे दोन वेश घेतले आहेत. इंचांची नावं मिलिमीटरमध्ये बदलताना कोणी २१.३ वगैरे लिहिलं नाही. गोल आकडे दिले: अर्ध्या इंचाला १५, पाऊण इंचाला २०, एक इंचाला २५, तीन इंचाला ८०. हीसुद्धा नावंच. लोखंडी पाइपवरचं २५ मिमी म्हणजे एक इंची पाइप, आणि तो बाहेरून भरतो ३३.७. शेतीच्या पीव्हीसी पाइपवरचं २५ मिमी म्हणजे मात्र बाहेरून मोजलेले खरेखुरे २५, आणि त्याला लोक पाऊण इंची म्हणतात. आता मामांनी दुकानात फोन केला, ‘२५ एमएमचे चार एल्बो काढून ठेवा,’ आणि दुकानदार काकांनी विचारलं नाही की कुठल्या पाइपचे, तर पिशवीतून काय निघेल, ते नशिबावर.

पण चूक झाली आणि एल्बो बसलाच नाही, तर फार बिघडत नाही. परत जायचं, बदलून आणायचा. खरा घात करतो तो ‘जवळजवळ बसणारा’ जोड. त्याची एक गोष्ट नीट बघू.

समजा, मामांच्या शेतात विहिरीपासून वरच्या तुकड्यापर्यंत तीन इंची पाइपलाइन आहे. शेतीची, म्हणजे बाहेरून ९० मिमी. मधला व्हॉल्व्ह फुटला. शेतीच्या दुकानात माल नव्हता, म्हणून मामांनी तालुक्याच्या गावातून, इमारतींचं सामान विकणाऱ्या दुकानातून नवा व्हॉल्व्ह आणि दोन फूट पाइप आणला. दुकानदाराने विचारलं, ‘किती इंची?’ मामा म्हणाले, ‘तीन.’ दोघंही खरं बोलले. पण इमारतीच्या पाइपचं घराणं इंचाचं, आणि त्यातला तीन इंची बाहेरून असतो ८८.९ मिमी. फरक फक्त १.१ मिमी. डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळत नाही.

शेतात आल्यावर मामा नवा पाइप जुन्या लाइनच्या कपलरमध्ये घालतात. तो सुळकन आत जातो, थेट तळापर्यंत. ‘वा, काय मस्त बसला!’ इथेच थांबायला हवं होतं. चांगल्या कपलरचं तोंड किंचित मोठं असतं आणि आत जाताना ते किंचित निमुळतं होत जातं. योग्य पाइप सोल्युशन न लावता कोरडाच घातला, तर तो एक तृतीयांश ते दोन तृतीयांश आत जाऊन अडकायला हवा. थेट तळाला टेकला, तर पाइप बारीक आहे. तोंडाशीच अडला, तर जाड आहे. म्हणजे जो ‘मस्त’ बसला, तोच चुकीचा!

पण अर्धा मिमी फट सोल्युशन भरून काढणार नाही का? पुष्कळ लोक तसं समजतात, कारण सोल्युशनला ते डिंकासारखा चिकटवायचा पदार्थ मानतात. ते तसं नाही. सोल्युशन पीव्हीसीला विरघळवतं. पाइपचा बाहेरचा थर आणि कपलरचा आतला थर दोन्ही मऊ होतात, एकमेकांवर दाबले जातात आणि त्यातला द्रव उडून गेला की दोघांचं एकच प्लॅस्टिक होतं. झिजलेली साबणाची चपटी वडी ओली करून नव्या वडीवर दाबली की ती कशी तिच्यातलीच होऊन जाते, तसं. पण त्यासाठी दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले हवेत. मधे फट असेल, तर तिथे नुसता सोल्युशनचा जाड थर राहतो. वाळताना त्यातला द्रव उडतो, थर आकसतो, आत बुडबुडे आणि बारीक पोकळ्या राहतात. बाहेरून मात्र जोड गुळगुळीत, चकचकीत दिसतो.

दुसऱ्या दिवशी मोटर सुरू होते. पाणी जातं, जोड टिकतो. मामा खूश. मग संध्याकाळी कोणीतरी व्हॉल्व्ह बंद करतं आणि लाइनमधला दाब चढतो. समजा, तो दर चौरस सेंटिमीटरला ४ किलोपर्यंत गेला. विहिरीतून चाळीस मीटर उंच पाणी चढवताना तळाशी एवढा दाब असतोच. तीन इंची पाइपचं तोंड आहे साधारण ६२ चौरस सेंटिमीटर. ६२ गुणिले ४, म्हणजे जवळपास २५० किलो! अडीच क्विंटल ओझं त्या बंद व्हॉल्व्हला पुढे ढकलतंय, आणि त्याला धरून ठेवणारा आहे बुडबुड्यांनी भरलेला सोल्युशनचा थर. आधी जोडाच्या काठावर थेंब दिसतात. ते दिसले आणि मोटर बंद केली तर ठीक. नाही तर ‘फट्’ करून पाइप कपलरमधून बाहेर येतो आणि शेतात कारंजं उडतं.

उलटं केलं असतं तर? म्हणजे शेतीचा ९० मिमीचा पाइप इमारतीच्या कपलरमध्ये? तो आत शिरलाच नसता. मग काही जण कानशीने पाइप घासतात किंवा जाळावर कपलर मऊ करून रुंद करतात. घासलेला पाइप गोल राहत नाही, आणि जाळावर रुंद केलेली भिंत एका बाजूला पातळ होते. दोन्हीकडे पुन्हा फट आलीच. माझं मत विचाराल तर न शिरणारा कपलर जास्त भला. तो निदान तोंडावर ‘नाही’ तरी म्हणतो.

मग १.१ मिमीचा फरक ओळखायचा कसा? व्हर्निअर कॅलिपर असेल तर सोपं वाटतं. पण उन्हात पडून पडून मोठे प्लॅस्टिकचे पाइप थोडे लंबगोल होतात. कॅलिपर एका बाजूने धरला तर ८९ दाखवतो, पाव वळसा फिरवून धरला तर ९१. कोणतं खरं? इथे तुमची कंपासपेटी कॅलिपरपेक्षा भारी ठरते.

वहीच्या कागदाची बोटभर रुंद, सरळ कडेची लांब पट्टी कापा. कागद तोकडा पडला तर दोन पट्ट्या जोडा. ती पाइपभोवती ताठ गुंडाळा, तिरकी जाऊ देऊ नका. पट्टीचं टोक जिथे खालच्या कागदावर येतं, तिथे टोकदार पेन्सिलीने रेघ मारा. पट्टी सोडवून टोकापासून रेघेपर्यंतचं अंतर मोजा. हा झाला पाइपचा परीघ. त्याला ३.१४ ने भागलं की व्यास. ९० मिमीच्या पाइपला परीघ भरेल २८३ मिमी, ८८.९ च्या पाइपला २७९. बघितलंत? १.१ चा फरक कागदावर जवळजवळ साडेतीन मिमीचा झाला. परीघ व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्त असतो, म्हणून प्रत्येक फरक तिपटीने फुगून कागदावर उतरतो, आणि साध्या तीस सेंटिमीटरच्या पट्टीवरही तो स्पष्ट दिसतो. शिवाय पाइप थोडा लंबगोल असला तरी चालतं, कारण कागद सगळीकडून फिरून येतो आणि सरासरी व्यास देतो. कारखान्यांतही हीच युक्ती वापरतात. तिथे कागदाऐवजी पोलादाची पातळ फीत असते आणि तिच्यावरचे आकडे आधीच पायने भागून छापलेले असतात. गुंडाळली की थेट व्यास वाचायचा.

घरातल्या बारीक पाइपांवरही हे करून बघा. तीन ‘अर्धा इंची’ पाइपांचे परीघ येतील ६७, ६३ आणि ५० मिमी. कुठला कुणाचा, ते तुम्ही ओळखा.

मोजण्याआधी आणखी एक करायचं. पाइपच्या अंगावरची छपाई वाचायची. लोक ती पुसूनही बघत नाहीत. शेतीच्या पाइपवर ‘आयएस ४९८५’ हा भारतीय मानकाचा क्रमांक असतो आणि पुढे मिमीतला आकडा. तो बाहेरचा, खरा व्यास. सीपीव्हीसीवर ‘आयएस १५७७८’ असतं. इमारतीच्या इंचवाल्या यूपीव्हीसीवर बहुतेक वेळा अमेरिकी मानकाची अक्षरं आणि ‘शेड्यूल ४०’ किंवा ‘८०’ छापलेलं असतं. ते दिसलं की समजायचं, इथला मिलिमीटर नुसता नावाचा आहे. दुकानात जाताना ही ओळ मोबाइलवर फोटो काढून न्या, किंवा पाइपचा वीतभर तुकडाच न्या. दोन दुकानांतून सामान आणायचं असेल तर नक्कीच.

आता मामांची लाइन दुरुस्त करू. दोन घराण्यांतले पाइप थेट एकमेकांना सोल्युशनने जोडायचेच नाहीत. मधे दोघांनाही समजेल अशी भाषा घालायची, आणि ती भाषा म्हणजे आटे. नळाच्या तोंडावर स्क्रूसारखे वळसे असतात ना, ते. शेतीच्या दुकानात असा अडॅप्टर मिळतो, ज्याची एक बाजू ९० मिमीच्या पाइपवर सोल्युशनने बसते आणि दुसऱ्या बाजूला तीन इंची बाहेरचे आटे असतात. प्लंबर त्याला एमटीए म्हणतात. असे दोन एमटीए घ्यायचे, एक अलीकडच्या पाइपला, एक पलीकडच्या, आणि मधे आतून आटे असलेला तीन इंची व्हॉल्व्ह. आट्यांवर टेफ्लॉनची पांढरी टेप गुंडाळायची, ती ज्या दिशेने आवळणार त्याच दिशेने. उलटी गुंडाळली तर फिरवताना सुटून गोळा होते. प्लॅस्टिकचे आटे पान्याने जीव खाऊन आवळायचे नाहीत, तडकतात. सोल्युशनचं काम मोठ्यांनी करायचं, मोकळ्या हवेत, कारण त्याची वाफ वाईट आणि ते पटकन पेटतं. तुम्ही पट्टी फिरवून मापं सांगा, ते काम कमी नाही.

पण थांबा. आट्यांची भाषा सगळ्यांना समजते म्हणालो, ती कशी काय? आटेही वेगवेगळे असू शकतात की! असतच होते. इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडायचा, आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागायचा नाही. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या यंत्रकाराने निरनिराळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, मोजले आणि त्यांच्या मधोमध पडेल असं माप काढलं. १८४१ साली त्याने ते मांडलं. त्याच्या आट्याच्या दोन उतारांमध्ये ५५ अंशांचा कोन होता. आपल्या नळांचे आटे आजही त्याच ५५ अंशांचे आहेत. अर्धा आणि पाऊण इंची नळाला एका इंचात १४ आटे, एक इंचापासून पुढे ११. खरं वाटत नसेल तर नळाच्या आट्यांवर कागद दाबून पेन्सिलीने घासा. रेघा उमटतील. २५ मिमीच्या थोड्या जास्त अंतरात त्या मोजा.

अमेरिकेने मात्र वेगळा रस्ता धरला. तिथे विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा सुचवला, आणि तिथले पाइपचे आटेही ६० अंशांचे असतात. आता खोडी बघा: अर्धा इंची अमेरिकी आट्यातही एका इंचात १४ च वळसे! म्हणून तिकडून आणलेला एखादा फिल्टर आपल्या नळाला लावला तर दोन-तीन वळसे छान जातो, मग घट्ट होतो. वाटतं, बसला. पण ५५ अंशांच्या खाचेत ६० अंशांचा दात पूर्ण टेकत नाही, आणि राहिलेल्या फटीतून पाणी आट्यांच्या वळणावळणाने फिरत बाहेर येतं. पुन्हा तोच, जवळजवळ बसणारा जोड. एक इंची पाइपात मात्र चोर पकडता येतो. आपले दोन इंचांत २२ आटे, त्यांचे २३.

आणि ज्या फ्रान्समध्ये मीटरचा जन्म झाला, तिथल्या नळांना कुठले आटे? तिथेही इंचाचेच, ५५ अंशांचे! फक्त फ्रेंच प्लंबर त्याला अर्धा इंची म्हणत नाहीत. ते म्हणतात ‘१५-२१’. आतलं भोक साधारण १५, बाहेरचं माप साधारण २१. मला हे नाव फार आवडतं, कारण पाइपला पट्टी लावली तर दोन्ही आकडे जवळपास सापडतात. पाऊण इंचीचं नाव ‘२०-२७’. आता फ्रान्सच्या एखाद्या दुकानात तुम्हाला ‘२६-३४’ लिहिलेला व्हॉल्व्ह दिसला, तर आपल्याकडच्या किती इंची जीआय पाइपला तो लागेल? उत्तर या लेखातल्याच एका आकड्यात आहे.